तालमीची फाइल द्यावी की लिंक? बदललेल्या आणि रद्द झालेल्या तारखा कॅलेंडरपर्यंत का पोहोचत नाहीत

प्रश्न: आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या तालमींचं वेळापत्रक मी बघते. एक्सेलमध्ये बनवते, एका वेबसाइटवर त्याची कॅलेंडरमध्ये घेता येणारी .ics फाइल करून घेते आणि ग्रुपवर टाकते. शनिवारची तालीम दादरहून पार्ल्याला हलवली, मंगळवारची रद्द केली आणि नवी फाइल टाकली. तरी दोघं दादरच्या बंद हॉलपाशी जाऊन उभे राहिले. चौघांकडे एकेका तालमीच्या दोन-दोन नोंदी दिसतायत आणि मंगळवारची तर जवळपास सगळ्यांकडे तशीच आहे. आता फाइल सोडून लिंक द्यावी का? एक जण म्हणतो, लिंकसुद्धा लगेच अपडेट होत नाही. मग फायदा काय?

उत्तर:

तो एक जण बरोबर बोलतोय. तरीही लिंकच द्या. मात्र सगळ्यांना एकच लिंक देऊन भागेल असं नाही. कोण कुठलं कॅलेंडर वापरतो आणि तुमचे बदल साधारण किती आधी ठरतात, यावर बरंच अवलंबून आहे. शाळा, क्लास आणि छोट्या संस्थांची वेळापत्रकं लावून देणं हे माझं रोजचं काम आहे, आणि तुमच्याकडे झालेला गोंधळ मी निरनिराळ्या ठिकाणी अगदी याच तीन रूपांत पाहिलाय: कुणाकडे जुनीच नोंद, कुणाकडे दोन नोंदी, आणि रद्द झालेली तारीख जिथल्या तिथे. तिन्हींची कारणं वेगळी आहेत, म्हणून आधी ती सुटी करतो.

फाइल इम्पोर्ट केली की कॅलेंडर ती एकदाच उघडतं, आतल्या नोंदी स्वतःकडे उतरवून घेतं आणि फाइल विसरून जातं. सूचनाफलकाची झेरॉक्स घरी नेल्यासारखं आहे ते. फलकावर नंतर काय खोडलं याचा घरच्या कागदाला पत्ता नसतो. दादरला जाऊन उभे राहिलेल्या दोघांनी पहिली फाइल इम्पोर्ट केली होती आणि दुसरी केली नाही. त्यांच्या फोनमध्ये बिघाड नव्हता. त्यांच्या कॅलेंडरला जे सांगितलं गेलं होतं ते त्याने इमानदारीने दाखवलं. दुसरी फाइल ग्रुपवर आली तेव्हा ती वर सरकून गेली असेल, किंवा ‘आधीच घेतलीय की’ म्हणून त्यांनी सोडून दिली असेल. फाइल वाटण्याची ही पहिली अडचण: प्रत्येक बदल प्रत्येकाने स्वतःच्या हाताने घ्यावा लागतो.

आता दोन-दोन नोंदी. तुमची .ics फाइल कॉम्प्युटरवर नोटपॅडमध्ये उघडा. ती साधा मजकूर असते, घाबरण्यासारखं काही नाही. एका तालमीचा तुकडा साधारण असा दिसेल:

```
BEGIN:VEVENT
UID:7f3a91c2@taleem.example
DTSTAMP:20250708T101500Z
SEQUENCE:0
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20250712T190000
DTEND;TZID=Asia/Kolkata:20250712T213000
SUMMARY:तालीम, अंक दुसरा
LOCATION:दादर
END:VEVENT
```

यात सगळ्यात महत्त्वाची ओळ UID ची. नोंदीची ओळख नाव, तारीख किंवा जागेवरून ठरत नाही, या ओळीवरून ठरते. उद्या तुम्ही जागा बदलून पार्लं केलीत, वेळ आठची केलीत, पण UID तोच ठेवलात आणि SEQUENCE चा आकडा एकने वाढवलात, तर बहुतेक कॅलेंडरं म्हणतात, ‘ही जुनीच नोंद, फक्त बदललेली,’ आणि जुनीवर नवी चढवतात. UID वेगळा आला की ती त्यांच्या लेखी वेगळी तालीम. मग शनिवारी संध्याकाळी एक तालीम दादरला आणि एक पार्ल्याला.

तुमच्या दोन्ही फाइली शेजारी-शेजारी उघडून शनिवारच्या तालमीचा UID ताडून बघा. माझा अंदाज आहे की तो दोन्हीकडे वेगळा निघेल. एक्सेलवरून फाइल करून देणाऱ्या अशा बऱ्याच वेबसाइट दर वेळी नवे, यादृच्छिक UID टाकतात. त्यांना बिचाऱ्यांना कसं कळणार की ही ओळ म्हणजे मागच्या आठवड्यातलीच तालीम? तुमच्या एक्सेलमध्ये तसा काही खुणेचा रकानाच नाही. (फाइल न करता थेट CSV गूगल कॅलेंडरमध्ये इम्पोर्ट करणारेही असतात. CSV मध्ये UID ची सोयच नाही, त्यामुळे तिथे तर दुसऱ्यांदा इम्पोर्ट म्हणजे दुहेरी नोंद ठरलेलीच.) तेव्हा त्या चौघांची चूक एवढीच की ते आज्ञाधारक होते. त्यांनी दोन्ही फाइली घेतल्या.

मंगळवारचं प्रकरण मात्र UID नीट असते तरी सुटलं नसतं, आणि लोकांच्या सगळ्यात कमी लक्षात येणारी गोष्ट हीच आहे. तुम्ही दुसऱ्या फाइलमधून मंगळवारची ओळ काढून टाकलीत. तुमच्या मनात त्याचा अर्थ ‘रद्द’. पण इम्पोर्ट होणारी फाइल फक्त ‘या नोंदी घाला’ एवढंच सांगते. ‘यात नसलेल्या काढून टाका’ असं ती कधीच सांगत नाही. आणि ते बरंच आहे. नाहीतर तुमची फाइल घेतल्यावर लोकांच्या कॅलेंडरमधली दातांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंटही उडाली असती. इम्पोर्टच्या वाटेने रद्द करायचंच, तर ती नोंद फाइलमध्ये ठेवावी लागते: UID जुनाच, SEQUENCE वाढवलेला, आणि जोडीला ही ओळ:

```
STATUS:CANCELLED
```

एवढं करूनही खात्री नाही. कुठलं अ‍ॅप ती नोंद गायब करतं, कुठलं खोडून दाखवतं, कुठलं काहीच फरक करत नाही. म्हणून ज्या वेळापत्रकात तारखा रद्द होणार हे आधीच माहीत आहे, त्यासाठी मी फाइल वापरायला सांगत नाही. हौशी नाटकाच्या तालमी म्हणजे तर तसलंच वेळापत्रक. एकाला ऑफिसात थांबावं लागतं, दुसरीच्या घरी पाहुणे येतात, आणि जुलैत पाऊस आहेच. फाइल शोभते ती न बदलणाऱ्या गोष्टींना: वर्षभराच्या सुट्ट्यांची यादी, छापून झालेलं परीक्षेचं वेळापत्रक, विमानाचं तिकीट.

आता लिंक. सबस्क्राइब केलेल्या लिंकमागेही तशीच .ics फाइल असते, रचना तीच. फरक वाचण्याच्या पद्धतीत आहे. कॅलेंडर ती फाइल ठरावीक काळाने पुन्हा उतरवतं आणि त्या लिंकसाठी राखलेल्या वेगळ्या कप्प्यात जे काही असेल ते नव्या फाइलप्रमाणे करून टाकतं. त्यामुळे इथे ‘नाही’ला अर्थ येतो. मंगळवारची ओळ फाइलमधून गेली की पुढच्या वाचनानंतर ती सभासदाच्या कॅलेंडरमधूनही जाते. UID दर वेळी बदलले तरी सहसा दुहेरी नोंदी होत नाहीत, कारण जुना संचच निघून जातो. सभासदाला काहीही करावं लागत नाही, आणि त्याच्या स्वतःच्या नोंदींना धक्काही लागत नाही.

प्रश्न उरतो ‘ठरावीक काळाने’ या दोन शब्दांचा. तो काळ तुम्ही ठरवत नाही. वाचणारं कॅलेंडर ठरवतं. गूगल कॅलेंडरमध्ये URL देऊन जोडलेल्या लिंकवरचा बदल दिसायला १२ तासांपर्यंत लागू शकतात, असं गूगल स्वतःच सांगतं, आणि ‘आत्ता वाच’ असं बटण तिथे नाही. वेबवरच्या आउटलुकबद्दल मायक्रोसॉफ्ट सांगतं की साधारण दर ३ तासांनी वाचन व्हायला हवं, पण २४ तासांहून जास्तही लागू शकतात. अ‍ॅपलच्या मॅकवर हा काळ तुम्हाला निवडता येतो, ५ मिनिटांपासून आठवड्यापर्यंत. आयफोनवर ते Fetch New Data या सेटिंगवर अवलंबून असतं, आणि तिथे Automatically निवडलेलं असेल तर फोन पार्श्वभूमीत ही वाचनं चार्जिंगला आणि वाय-फायवर असतानाच करतो. म्हणजे दिवसभर अंधेरी-चर्चगेट करणाऱ्या माणसाचा फोन रात्री घरी आल्यावर ताजा होणार. त्याला घाई असेल तर कॅलेंडर अ‍ॅपमध्ये Calendars ची यादी उघडून ती खाली ओढली की लगेच वाचन होतं, पण हे त्याला सुचायला हवं.

फाइलमध्ये REFRESH-INTERVAL नावाची ओळ घालून ‘दर तासाला वाचा’ असं लिहिता येतं. .ics च्या अधिकृत नियमावलीत ती २०१६ साली आली. पण ती विनंती आहे, हुकूम नाही, आणि ती ऐकायची की नाही हे अ‍ॅपच्या मर्जीवर. तिच्यावर विसंबून राहू नका.

तुमचाच शनिवार या हिशेबात बसवून बघू. समजा, दादरचा हॉल मिळत नाही हे शनिवारी दुपारी दोनला कळलं. तालीम सातची. एका सभासदाच्या गूगल कॅलेंडरने तुमची लिंक सकाळी अकराला वाचली होती. पुढचं वाचन रात्री अकरापर्यंत लांबू शकतं. म्हणजे लिंक असूनही तो सात वाजता दादरलाच उभा. हाच निर्णय शुक्रवारी संध्याकाळी सहाला झाला असता, तर शनिवारी सकाळी सहापर्यंत गूगलवाल्यांकडे तो यायला हवा होता, आणि आयफोनवाल्यांकडे रात्रीच्या चार्जिंगमध्ये. मी संस्थांना यावरून एक साधी मर्यादा आखून देतो: पूर्ण एक दिवस आधी ठरलेला बदल कॅलेंडरवर सोडावा, त्याहून उशिरा ठरलेला बदल कॅलेंडरमध्येही करावा, पण ग्रुपवर मेसेज टाकावा आणि ज्याची निळी खूण आली नाही त्याला फोन करावा. रुळांवर पाणी आलं म्हणून चार वाजता रद्द केलेली तालीम सांगण्याचं काम कुठलीही .ics लिंक करू शकत नाही. तिचा तो उद्देशच नाही.

यावर तुम्ही विचाराल, मग ताबडतोब पोहोचेल असं काहीच नाही का? आहे, आणि तुमच्यासाठी मुख्य वाट तीच ठेवा. सभासदांपैकी बहुतेकांकडे जीमेल असणार. त्यांना .ics लिंक देऊच नका. गूगल कॅलेंडरमध्ये तालमींसाठी एक वेगळं नवं कॅलेंडर बनवा, त्याच्या सेटिंगमध्ये Share with specific people खाली प्रत्येकाचा जीमेल पत्ता घाला आणि हक्क See all event details एवढाच द्या. त्यांना मेल येईल, त्यातून त्यांनी कॅलेंडर जोडून घ्यायचं. हे सबस्क्राइब केल्यासारखंच दिसतं, पण आतून वेगळं आहे. इथे फाइल उतरवणं वगैरे काही नाही. तुमचं आणि त्यांचं कॅलेंडर गूगलच्याच घरात आहे, सगळे एकच नोंद पाहतायत. तुम्ही दोनला जागा बदललीत की इंटरनेट चालू असलेल्या फोनवर ती थोड्याच वेळात बदललेली दिसते, काढून टाकलेली तालीम तशीच नाहीशी होते. लोक या दोन गोष्टींना एकच ‘लिंक’ म्हणतात आणि मग एकाचा अनुभव दुसऱ्याला लागू पडत नाही. तुमच्या त्या एका सभासदाने बहुधा .ics ची लिंक वापरली असणार.

.ics लिंक ठेवा फक्त उरलेल्यांसाठी: गूगल खातं न वापरणारे आयफोनवाले, ऑफिसचं आउटलुक हेच ज्यांचं कॅलेंडर आहे ते. ती वेगळी बनवावी लागत नाही. त्याच कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये खाली Integrate calendar नावाचा भाग आहे, तिथे Secret address in iCal format असतो. त्याचा शेवट असा असतो:

```
/basic.ics
```

हा पत्ता ज्याच्या हाती जाईल त्याला सगळं दिसतं, पासवर्ड वगैरे विचारला जात नाही. तेव्हा तालमीच्या नोंदीत कुणाचे फोन नंबर, घरचे पत्ते, ‘मानधन बाकी’ असलं काही लिहू नका. पत्ता फुटला तर तिथेच Reset आहे, पण ते केलं की जुन्या पत्त्यावरच्या सगळ्यांची लिंक तुटते आणि प्रत्येकाला नवी द्यावी लागते. तुटलेली लिंक सहसा ओरडून सांगत नाही. जुन्या नोंदी तशाच दिसत राहू शकतात आणि माणूस समजतो सगळं सुरळीत आहे.

लिंक देताना एक सापळा आहे, आणि त्यात निम्मे लोक अडकतात. .ics चा पत्ता तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलात आणि समोरच्याने त्यावर नुसतं टॅप केलं, तर बऱ्याच फोनांत फाइल डाउनलोड होते, उघडते, ‘सगळ्या नोंदी घालू का?’ असं विचारते, आणि तो हो म्हणतो. झालं, हे पुन्हा इम्पोर्टच. त्याला वाटतं आपण लिंक लावली, तुम्हाला वाटतं त्याच्याकडे लिंक आहे, आणि पुढचा बदल काही पोहोचत नाही. आयफोनवाल्यांना पत्ता देताना सुरुवातीचं https:// बदलून webcal:// करा. मग फोन थेट सबस्क्राइब करण्याबद्दल विचारतो. अँड्रॉइडच्या गूगल कॅलेंडर अ‍ॅपमध्ये तर URL देऊन कॅलेंडर जोडायची सोयच नाही. ते कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये calendar.google.com उघडून Other calendars शेजारच्या अधिक चिन्हातून From URL ने करावं लागतं, मग ते फोनवर आपोआप येतं. फोनच्या अ‍ॅपमध्ये त्या कॅलेंडरसमोरची खूण लावलेली आहे ना, तेवढं बघायचं. गूगल खातं अ‍ॅपलच्या कॅलेंडरमधून पाहणाऱ्यांची आणखी एक गंमत: त्यांना शेअर केलेलं कॅलेंडर दिसण्यासाठी calendar.google.com/calendar/syncselect या पानावर जाऊन ते निवडावं लागतं. हे पान कुठल्याही मेनूतून सहज सापडत नाही. ‘मला दिसतच नाही’ म्हणणाऱ्या आयफोनवाल्याला मी सगळ्यात आधी तिथेच पाठवतो.

कुणी इम्पोर्ट केलंय की सबस्क्राइब, हे ओळखायचं कसं? त्याला म्हणावं, तालीम उघड आणि वेळ बदलून बघ. बदलता आली, तर ती त्याची स्वतःची प्रत आहे, म्हणजे इम्पोर्ट. बदलूच देत नसेल, तर ती लिंकवरून किंवा शेअर केलेल्या कॅलेंडरमधून येतेय.

आणि ‘बदल आला नाही’ अशी तक्रार आली की आधी दोष कुठल्या टोकाला आहे ते बघा. .ics चा पत्ता स्वतः ब्राउझरमध्ये उघडा, उतरलेली फाइल नोटपॅडमध्ये घ्या आणि ती तालीम शोधा. फाइलमध्ये पार्लं लिहिलेलं असेल तर तुमचं काम झालंय, समोरच्याच्या कॅलेंडरने अजून वाचलेलं नाही. फाइलमध्येच दादर असेल तर बदल तुमच्याकडेच राहिलाय, बहुधा चुकीच्या कॅलेंडरमध्ये केला गेलाय. समोरच्याला फारच घाई असेल आणि तो गूगलवर असेल, तर त्याने जुनी लिंक काढून तीच पुन्हा जोडताना पत्त्याच्या शेवटी ?v=2 असं लावावं. गूगलला तो नवा पत्ता वाटतो आणि ते लगेच वाचतं. हा जुगाड आहे, एखाद्या वेळेला ठीक. दर बदलाला हे करत बसायचं म्हणजे फाइलच बरी होती.

रद्द करण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. तालीम रद्द झाली की ती काढून टाकू नका. नोंद ठेवा आणि नाव ‘रद्द: तालीम, अंक दुसरा’ असं करा. ती तारीख उलटून गेल्यावर हवी तर काढा. कारण असं की काढून टाकलेली तालीम काहीच बोलत नाही. ज्याला मंगळवार रिकामा दिसतो त्याला कळत नाही की रद्द झाली, की आपलं कॅलेंडरच नीट चालत नाहीये. मग तो ग्रुपवर विचारतो, त्यावर तिघं तीन उत्तरं देतात. ‘रद्द’ असं नाव दिसलं की शंका उरत नाही, आणि कुठलं अ‍ॅप STATUS:CANCELLED कसं दाखवतं या भानगडीतही पडावं लागत नाही. शिवाय ‘रद्द’ हा शब्द नावाच्या सुरुवातीलाच हवा. फोनच्या महिन्याच्या पानावर नावाची पहिली काही अक्षरंच दिसतात.

दर मंगळवार-शनिवारची तालीम तुम्ही आवर्ती नोंद म्हणून घातली असेल, तर एका दिवसाचा बदल करताना गूगल विचारतं: This event, की This and following events, की All events. एका तालमीसाठी नेहमी पहिला पर्याय. दुसरा निवडलात तर मालिका तिथे तुटते आणि पुढच्या तालमींची नवी मालिका तयार होते. शेअर केलेल्या किंवा सबस्क्राइब केलेल्यांना त्याचा त्रास नाही, कारण ते जे आहे ते पाहतात. पण ज्याने आधी फाइल इम्पोर्ट केलीय, त्याच्याकडे जुनी मालिका पुढे चालूच राहते, आणि त्याने नवी फाइल घेतली तर जोडीला नवी मालिकाही येऊ शकते. असला माणूस प्रत्येक संस्थेत एक तरी असतोच.

रंगीत तालीम आणि प्रयोग, एवढ्या दोनच गोष्टींसाठी मी तिसरी वाट सुचवेन. त्या नोंदींत सभासदांना पाहुणे म्हणून, म्हणजे Guests मध्ये, घाला. तेव्हा प्रत्येकाला मेलने आमंत्रण जातं, तो कुठलंही कॅलेंडर वापरत असो. येतो की नाही हे तो कळवू शकतो, आणि वेळ बदलली किंवा नोंद काढली की त्यांना कळवायचं का असं गूगल तुम्हाला विचारतं. हो म्हटलं की बदलाची किंवा रद्द झाल्याची मेल जाते आणि त्यांच्याकडची नोंदही त्याप्रमाणे होते. मग हे सगळ्या तालमींसाठी का नाही? करून बघा. आठवड्याला दोन तालमी आणि दर तालमीला दोन बदल, एवढ्या मेल आल्या की महिनाभरात लोक त्या न वाचताच उडवायला लागतात, आणि मग प्रयोगाचीही मेल त्याच वाटेने जाते.

फाइल सोडून नव्या कॅलेंडरवर जाताना क्रम सांभाळा. आधी साफसफाई, मग नवी जोडणी. उलट केलंत तर चौघांकडे दोनाच्या तीन नोंदी होतील. ज्यांनी फाइल आपल्या मुख्य कॅलेंडरमध्ये ओतलीय त्यांना ‘तालीम’ असं शोधून त्या नोंदी एकेक काढाव्या लागतील. इम्पोर्ट मागे घेण्याचं बटण नाही. वैताग आहे, पण एकदाच. ज्याने शहाणपणाने वेगळ्या कॅलेंडरमध्ये इम्पोर्ट केली असेल, त्याने ते कॅलेंडरच काढून टाकावं. तुम्ही स्वतःही एक्सेलवरून केलेली शेवटची .ics फाइल एकदाच नव्या कॅलेंडरमध्ये इम्पोर्ट करा. कॉम्प्युटरवर Import & export मध्ये गेल्यावर कुठल्या कॅलेंडरमध्ये घालायची ते विचारलं जातं, तिथे नवं कॅलेंडर निवडा, कारण आपोआप निवडलेलं बहुतेक वेळा तुमचं स्वतःचं मुख्य कॅलेंडर असतं. त्यानंतर एक्सेलला हात लावू नका. बदल थेट कॅलेंडरमध्येच करायचे. दोन्हीकडे बदल करत राहिलात तर आठ दिवसांत दोन वेळापत्रकं होतील आणि खरं कुठलं हे तुम्हालाच सांगता येणार नाही. एक्सेल कुणाला हवंच असेल तर कॅलेंडर पाहून बनवा, उलट नको. ग्रुपवरच्या जुन्या फाइलींखालीही ‘या वापरू नका’ असं लिहून ठेवा. त्या तिथेच पडून असतात आणि उशिरा आलेला नवा सभासद वर जाऊन नेमकी पहिलीच उचलतो.

सगळ्यांनी जोडून झालं की एक चाचणी घ्या. चार दिवसांनंतरच्या एखाद्या मोकळ्या दुपारी ‘चाचणी’ नावाची नोंद घाला आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाकडून त्या दिवसाचा स्क्रीनशॉट मागवा. ज्याच्याकडे ती दिसत नाही त्याने बहुधा लिंकच्या ऐवजी इम्पोर्ट केलंय, किंवा फोनमध्ये खूण लावायची राहिलीय, किंवा तो आउटलुकवर असेल तर त्याने अजून वाचलेलं नाही. ज्यांच्याकडे दिसली त्यांच्यासाठी ती नोंद आता काढून टाका आणि आणखी एक दिवस थांबून पुन्हा स्क्रीनशॉट मागवा. हा दुसरा स्क्रीनशॉट लोक टाळतात, ‘काल दिसली होती ना’ म्हणतात. तरी मागाच, कारण ‘चाचणी’ दिसत असताना कुणी उत्साहाने लिंकवर टॅप करून प्रत उतरवून घेतली असेल, तर तो पहिल्या फेरीत पास होतो आणि याच फेरीत सापडतो.